लहान मुलांबरोबरच्या लांब प्रवासात कोणती गाणी म्हणावीत, म्हणजे मुले रमतील आणि आईवडिलांचे डोके शाबूत राहील?

मुळशीवाट
नमस्कार. गणपतीसाठी आम्ही पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगाव, महाड, खेड असे करत दापोलीला जाणार आहोत. मागच्या आसनावर तीन वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि त्यांच्यामध्ये माझ्या सासूबाई असतील. गाडी नवरा चालवणार आहे. मुलांना गाणी अतिशय आवडतात, त्यामुळे ती शांत राहावीत म्हणून आम्ही ध्वनिमुद्रित बालगीते लावतो. मात्र दोघांनाही एकच गाणे पुन्हा पुन्हा हवे असते आणि काही वेळाने पुढे बसलेल्या आम्हा दोघांना ते सहन होईनासे होते. गाडी थांबल्यावरही ते डोक्यात फिरत राहते. मला गाणी बंद करायची नाहीत. आपण स्वतः म्हणू शकू, मुलांनाही त्यात भाग घेता येईल आणि मोठ्यांना कंटाळा येणार नाही, अशी गाणी कोणती, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे.

गाणीसंग्रह
ताम्हिणीत बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून गाणी घरूनच डाउनलोड करून घ्यावीत. जुन्या बालगीतांना माझ्या मते तोड नाही. ‘नाच रे मोरा’ हे १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातले गाणे ग. दि. माडगूळकरांनी लिहिले, पु. ल. देशपांडे यांनी त्याला चाल दिली आणि आशा भोसले यांनी ते गायले. अशी गाणी मोठ्या माणसालाही पुन्हा ऐकावीशी वाटतात, कारण त्यांत संगीत म्हणून ऐकण्यासारखे काहीतरी असते. वीस-पंचवीस गाण्यांची यादी करावी आणि ती उलटसुलट क्रमाने लावावी, म्हणजे एकच गाणे वारंवार येणार नाही.

मुळशीवाट
धन्यवाद. डाउनलोड करण्याची सूचना उपयोगी आहे. मला मात्र लावण्यापेक्षा म्हणण्याच्या गाण्यांविषयी विचारायचे होते. शिवाय यादी उलटसुलट लावली, तरी मुलगी तिचे आवडते गाणे येईपर्यंत रडते, म्हणून अखेर तेच लावावे लागते.

पांढरी_दोन
मी बालवाडीच्या मुलांना गाणे शिकवते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. तीन वर्षांच्या मुलीला तेच गाणे पुन्हा हवे असते, यात काहीही वावगे नाही. पुढे काय येणार हे आधीच ठाऊक असणे आणि ते तसेच येणे, यात तिला खरा आनंद मिळतो. मोठ्यांना त्रास होतो तो पुनरावृत्तीचा नव्हे. मुद्रित गाणे दर वेळी त्याच लयीत, त्याच वाद्यांसह आणि त्याच आवाजात येते आणि ते कधी संपणार हे आपल्या हाती राहत नाही, त्याचा तो त्रास आहे. गाडीत आणखी एक गोष्ट घडते. चाकांचा आणि इंजिनाचा आवाज बहुतांशी खर्जातला असतो, त्यामुळे गाण्यातला खालचा भाग त्यात बुडून जातो. तो ऐकू यावा म्हणून आपण आवाज वाढवतो आणि मग वरच्या पट्टीतला बारीक आवाज व घंटांसारखी वाद्ये कानात घुसू लागतात.

म्हणून माझ्या मते तीन गुण असलेली गाणी निवडावीत. गाण्याची चौकट कायम असावी, परंतु आतला तुकडा दर फेरीत बदलावा. मुलांना पाच-सहा सुरांत म्हणता यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या गाण्याला शेवट असावा. ‘सांग सांग भोलानाथ’ हे गाणे मुलांना इतके प्रिय का आहे, याचा विचार केला तर चौकट म्हणजे काय ते लगेच लक्षात येते: त्यात एका मागोमाग एक प्रश्न आहेत आणि सहा वर्षांचे मूल स्वतःचे प्रश्न त्यात सहज घालू शकते. ‘कोणास ठाऊक कसा’ या सशाच्या गाण्यातही ससा दर कडव्यात नव्या ठिकाणी जातो, म्हणून पुढे त्याला दापोलीच्या समुद्रावर नेणे मुलांना मुळीच कठीण जात नाही.

घाटरस्ता
मी गेली अनेक वर्षे कोकणात गाडी नेतो. यावर सोपा उपाय आहे. गाडीच्या म्युझिक सिस्टीममध्ये आवाज मागे-पुढे करण्याची सोय असते, तिने सगळा आवाज मागच्या स्पीकरकडे वळवावा. मुले गाणी ऐकतील आणि पुढच्यांना शांतता मिळेल.

पांढरी_दोन
हे अर्धे बरोबर आहे. आवाज मागे वळवल्याने चालकाला आराम मिळतो, हे खरे. परंतु बहुतेक गाड्यांत मागचे स्पीकर दारात, मुलांच्या अगदी जवळ असतात आणि पुढे बसलेल्या माणसाला ते मंद ऐकू येतात, म्हणून तो नकळत आवाज आणखी वाढवतो. मागे वळवायचा असेल, तर एकूण आवाज आधी कमी करावा आणि एकदा स्वतः मागे बसून तो ऐकून पाहावा. खिडक्या बंद केल्या, तर बराच कमी आवाजही पुरतो.

घाटरस्ता
मान्य आहे, मागे बसून पाहण्याचे माझ्या मनात आले नव्हते. मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो. घाटातल्या आंधळ्या वळणावर समोरून येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येणे आवश्यक असते, म्हणून ताम्हिणीत आणि विशेषतः पावसात धुके असताना गाणी लावूच नयेत. म्हटलेली गाणी चालतात, कारण गाणारी माणसे ‘थांबा’ म्हटल्याबरोबर थांबतात. आणि चालकाला गाण्यात ओढू नये. ‘बाबा, आता तुझी पाळी’ असे मागून सारखे येऊ लागले, की लक्ष विचलित होते.

आजोळ
माझी नातवंडे आमच्याबरोबर सांगलीहून मुंबईला येतात, तेव्हा मी एकच खेळ खेळते आणि तो मुलांना दर वेळी नवा वाटतो. ‘चांदोबा चांदोबा भागलास का’ हे सर्वांना येते. पहिल्या फेरीत ते पूर्ण म्हणायचे. दुसऱ्या फेरीत ‘चांदोबा’ हा शब्द तोंडाने म्हणायचा नाही, तेवढ्या वेळात गुडघ्यावर बोटाने टिचकी मारायची आणि पुढचे शब्द नेमके वेळेवर म्हणायचे. तिसऱ्या फेरीत ‘निंबोणी’ही गिळायची, चौथ्या फेरीत ‘झाड’. असे करत करत शेवटी गाणे जवळजवळ मनातच म्हटले जाते आणि फक्त टिचक्या ऐकू येतात. कोणी चुकून शब्द उच्चारला, की सगळे हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. इतर गाणी म्हणता म्हणता मुलांचा आवाज चढत जातो, इथे तो उतरत जातो, म्हणून आमच्या सुनेला हा खेळ फार आवडतो. कोणत्याही वयाच्या मुलाला हे जमते.

पांढरी_दोन
आजी, आपला खेळ फार सुंदर आहे आणि शिकवतानाही मी तो वापरते, कारण मनातल्या मनात सूर आणि लय धरून ठेवण्याची सवय त्यातून लागते. फक्त वयाविषयी माझा अनुभव थोडा वेगळा आहे. साधारण पाच वर्षांपुढच्या मुलांना तो जमतो. तीन वर्षांच्या मुलीला मात्र शब्द दाबून ठेवणे कठीण जाते आणि दादा तिला ‘तू चुकलीस’ म्हणू लागला, की ती रुसते. तिच्यासाठी तोच खेळ उलटा करावा. मोठ्यांनी ओळ म्हणत जावे आणि शेवटच्या शब्दाआधी थांबावे: ‘चांदोबा चांदोबा भागलास…’ आणि ‘का’ तिने म्हणावे. ‘निंबोणीचे झाड…’ म्हणून थांबले, की ‘करवंदी’ तिचे. ‘मामाचा वाडा…’ म्हणून थांबले, की ‘चिरेबंदी’ तिचे. अशा रीतीने एकाच गाण्यात दादा शब्द गिळतो आणि बहीण शब्द भरते.

आजोळ
हे खरे आहे. माझी धाकटी नात चार वर्षांची होईपर्यंत टिचक्याच मारत असे आणि शब्दही म्हणत असे. आम्ही तिला कोणी चूक म्हणत नव्हतो, म्हणून मला ते जमल्यासारखे वाटले असावे.

एडिसनकर
आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि सुटीत मुलांना घेऊन तासन्‌तास गाडीने जातो. इथल्या सहलींत नव्याण्णव बाटल्यांपासून उलटे मोजत जाण्याचे एक गाणे फार प्रसिद्ध आहे आणि ते किती लांबते, हे वेगळे सांगायला नको. परंतु उलट मोजण्याची कल्पना चांगली आहे, कारण शून्य आले की गाणे संपले हे मुलांनाही पटते आणि कोणाला रागावून थांबवावे लागत नाही. म्हणून आम्ही घरी दहापासून सुरू होणारे एक गाणे रचले:

दहा करवंदं द्रोणात,
एक गेलं तोंडात,
द्रोणात उरली किती?

‘किती’चे उत्तर मुलांनी द्यायचे आणि त्या आकड्याने पुढची फेरी सुरू करायची. शेवटी म्हणायचे:

रिकामा झाला द्रोण,
खाणारा सांगा कोण?

आणि ज्याचे नाव निघेल त्याने पुढचे गाणे निवडायचे. आमची मुले घराबाहेर इंग्रजीच बोलतात, त्यामुळे मराठी आकड्यांचा सराव हा आमचा मुख्य हेतू होता. मोठा मुलगा वीसपासून मोजू लागला आहे. त्यापुढे मात्र मी जाऊ देत नाही, कारण एकोणतीस आणि एकोणचाळीस यांचा गोंधळ झाला की गाण्याची लय मोडते.

एक प्रश्न आहे. माझा आवाज जाड आहे आणि मुले माझ्याबरोबर गाऊ लागली, की गाणे न राहता नुसते बोलणे होते. पत्नी गाते तेव्हा असे होत नाही. याचे कारण काय असावे?

पांढरी_दोन
कारण पट्टीचे आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा सोयीचा पल्ला लहान असतो. हार्मोनियमवर मधल्या सप्तकातील पांढरी दोन हा सा धरला, तर साधारण सा ते प एवढ्यात ती आरामात गातात. पुरुष स्वाभाविकपणे त्याच्या एक सप्तक खाली गातो. मूल ते सूर जसेच्या तसे गाठायला खाली जाते, तिथे त्याचा आवाज लागत नाही, म्हणून ते बोलू लागते. आपण आपल्या सोयीने खालीच गा, पण गाण्याची पहिली ओळ पत्नीला किंवा मोठ्या मुलाला सुरू करू द्या, म्हणजे धाकट्यांना त्यांचा सूर सापडतो. आणि करवंदांची चाल रे आणि ग यांच्यापुढे फारशी नेऊ नका. जितकी चाल साधी, तितके ओरडणे कमी. उंच तान घेतली, की गाडीत तिची किंकाळीच होते.

मुळशीवाट
आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. काल शहरातल्या शहरात चांदोबाचा खेळ करून पाहिला. सासूबाईंना तो फार आवडला आणि मुलीने ‘चिरेबंदी’ इतक्या उत्साहाने म्हटले, की आम्ही तेच कडवे अनेकदा घेतले. आता अडचण वेगळी आहे. मुलाला घाटात मळमळते. पुस्तक आणि मोबाइल आम्ही देत नाही. गाणी म्हणताना तो बहिणीकडे आणि आजीकडे वळून बसतो आणि मग त्रास सुरू होतो. खिडकीबाहेर बघायला लावणारे एखादे गाणे आहे का?

पांढरी_दोन
आहे, आणि त्याची रचना आपण सगळे मिळून करू शकता. मी चौकट देते:

खिडकीत कोण आलं गं, खिडकीत कोण आलं?
काळी म्हैस आली, शेपूट हलवून गेली.

पहिली ओळ सर्वांनी म्हणायची. दुसरी ओळ ज्याची पाळी असेल त्याची. तिच्यात तीनच गोष्टी लागतात: बाहेर खरोखर दिसलेली वस्तू, तिचा रंग किंवा रूप, आणि ती काय करून गेली. पुढच्या फेरीत नवी वस्तू आधी आणि जुन्या तिच्यामागे येतात:

खिडकीत कोण आलं गं, खिडकीत कोण आलं?
पांढरा धबधबा आला, पाणी उडवून गेला.
काळी म्हैस आली, शेपूट हलवून गेली.

सहा वर्षांच्या मुलाला अशा चार-पाच ओळी लक्षात राहतात. त्याहून साखळी लांबली, की तो गोंधळतो आणि गाण्याचा वाद होतो. तीन वर्षांच्या मुलीने फक्त ‘हलवून गेली’, ‘उडवून गेला’ एवढेच म्हणावे.

आता शेवट. वाटेत पूल आला, की जो तो आधी पाहील त्याने म्हणायचे:

लांब पूल आला, सगळ्यांना घेऊन गेला!

आणि गाणे तिथेच संपते. कोकणच्या रस्त्याला नदीनाले पुष्कळ, त्यामुळे पुलासाठी फार वाट पाहावी लागत नाही. पुढे कशेडीच्या बोगद्याने गेलात, तर पुलाऐवजी बोगदा घ्यावा. शेवट रस्त्यानेच केल्यामुळे ‘अजून एकदा’चा हट्ट आईवडिलांशी राहत नाही. नवी फेरी सुरू करायची की नाही, हे मोठ्यांनी ठरवावे.

पाळी डावी खिडकी आणि उजवी खिडकी अशी वाटावी, म्हणजे ‘ती माझी म्हैस होती’ असे भांडण होत नाही.

घाटरस्ता
मळमळण्याविषयी एक दुरुस्ती सुचवतो. माझ्या मुलीलाही हा त्रास होता. बाजूच्या खिडकीतून जवळची झाडे आणि दगड भराभर मागे जाताना पाहिले, की तिला उलट जास्त होई. समोरच्या काचेतून दूरवर पाहिले, तर बरे वाटे.

पांढरी_दोन
आपले म्हणणे योग्य आहे आणि ते गाण्यातच घालता येईल. सपाट रस्त्यावर खिडकी, आणि घाट सुरू झाला की पहिली ओळ बदलून ‘डोंगरापुढे कोण आलं’ असे म्हणावे आणि फक्त समोर दूर दिसणाऱ्या गोष्टी घ्याव्यात: ढग, कडा, धबधबा, पुढे चाललेली एसटी. हा त्रास साधारणपणे दोन ते बारा या वयात अधिक असतो आणि तो कानातून व डोळ्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या माहितीचा मेळ न बसल्याने होतो, म्हणून दूरच्या स्थिर गोष्टीवर नजर ठेवल्याने मदत होते. मात्र मूल उंच आसनावर नसेल आणि त्याला समोरचे दिसतच नसेल, तर गाण्याचा काही उपयोग होणार नाही. निघण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आपले डोके नेऊन काय दिसते ते पाहावे. मुलगा गाता गाता अचानक गप्प झाला, जांभया देऊ लागला किंवा फिकट दिसला, तर गाणे ताबडतोब थांबवावे आणि गाडी सुरक्षित जागी उभी करावी; त्याला हुरूप आणण्याचा प्रयत्न करू नये.

एडिसनकर
खिडकीचे गाणे आम्ही शनिवारी म्हटले. आमच्यासाठी त्यात आणखी एक लाभ निघाला. ‘ट्रक आला’, ‘बस आली’, ‘झाड आलं’ हे दर ओळीत बदलावे लागते आणि मुलांचे नेमके तिथेच चुकते. गाण्यात ते न रागावता दुरुस्त होते. परंतु नियमाविषयी आमच्यात मतभेद आहेत. धाकटीने ‘निळा हत्ती आला’ म्हटले आणि मोठ्याने ते अमान्य केले. मला वाटते की कल्पनेतल्या गोष्टी चालू द्याव्यात.

पांढरी_दोन
मी खऱ्या गोष्टींच्या बाजूची आहे. कल्पनेला मोकळीक दिली, की मुले बाहेर पाहणे सोडून एकमेकांकडे पाहून हत्ती, राक्षस आणि डायनोसोर यांची चढाओढ लावतात आणि आवाजही वाढतो.

आजोळ
मला मात्र निळा हत्ती फार आवडला. त्रास नसलेल्या मुलांना तो घेऊ द्यावा. प्रवासात एखाद्या मुलाने गाण्यात हत्ती आणला आणि आपण तो बाहेर काढला, हे मला जमणार नाही.

गाणीसंग्रह
मी पुन्हा मुद्रित गाण्यांची बाजू मांडतो. पाच-सहा तास कोणीही गाऊ शकत नाही. घसा बसतो, आजींना झोप येते. गायलेली आणि लावलेली गाणी आलटून पालटून घ्यावीत. मुलांना आधी सांगावे की माणगावपर्यंत आपण गाऊ, चहानंतर महाडपर्यंत यादी लावू आणि त्यात प्रत्येकाला एक गाणे एकदाच निवडता येईल.

आणि मुळशीवाट यांनी सुरुवातीला जे लिहिले होते, की गाडी थांबल्यावरही गाणे डोक्यात फिरते, त्यावर एक गमतीदार उपाय वाचला होता. ब्रिटनमधील रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांना २०१५ मध्ये असे आढळले, की च्युइंगगम चघळत असताना डोक्यात अडकलेले गाणे कमी वेळा आठवते. मनात गाताना बोलण्याच्या हालचालींची जी यंत्रणा वापरली जाते, ती चघळण्यात गुंतते, असे त्याचे कारण दिले जाते. हा उपाय फक्त मोठ्यांसाठी; चालत्या गाडीत लहान मुलांना च्युइंगगम मुळीच देऊ नये.

मुळशीवाट
हे सगळे मी वहीत उतरवून घेतले आहे. आमचा बेत असा आहे: पुण्यातून निघाल्यावर मुळशीपर्यंत करवंदे आणि चांदोबा, घाटात फक्त ‘डोंगरापुढे कोण आलं’ आणि तेही सासूबाईंच्या हळू आवाजात, नवऱ्याला गाण्यात ओढायचे नाही. माणगावनंतर मुद्रित यादी, प्रत्येकाचे एक गाणे. पूल आला की गाणे संपणार, हे मुलाला आत्ताच इतके पटले आहे, की तो नकाशावर पूल शोधत बसला आहे. परतताना मात्र आम्ही रात्री निघू आणि बाहेर काही दिसणार नाही. तेव्हा खिडकीच्या गाण्याचे काय करावे?

आजोळ
रात्री कान वापरावेत. ‘अंधारात कोण बोललं’ अशी ओळ घ्यावी आणि जे ऐकू येईल ते जोडावे: पाऊस, वायपर, ट्रक, बेडूक. आमच्याकडे वायपर नेहमी जिंकतो.

घाटरस्ता
पाऊस आणि रात्र असताना शक्यतो ताम्हिणीतून परतू नये, ही माझी विनंती आहे. पहाटे निघावे. मुले निम्मा रस्ता झोपून राहतील आणि उजाडल्यावर म्हशीही दिसतील.